निळी फुटली त्याचं पत्र

जानेवारीतली गोष्ट. पहाटे पावणेसहाला गीझर लावला आणि चहाचं आधण ठेवायला वळले तेवढ्यात हॉलमधून असा आवाज आला की मला वाटलं वरच्यांनी कपाट पाडलं. जाऊन बघते तर बाथरूमच्या आणि हॉलच्या मधल्या भिंतीतून पाणी पिचकारीसारखं बाहेर येतंय, प्लास्टरचा परातीएवढा तुकडा खाली पडलाय, शोकेसची वरची काच फुटलीय आणि त्या सगळ्या चिखलात निळी पडलीय. म्हणजे निळीचे तुकडे.

निळी म्हणजे आमची फुलदाणी. सासऱ्यांच्या मावशीकडून, गिरगावातल्या चाळीतून आलेली. फुलं तिच्यात कधी कुणी ठेवली नाहीत, मावशी म्हणे तिच्यात मोरपिसं ठेवायच्या आणि आमच्याकडे आल्यावर बरीच वर्षं ती नुसती बसून होती. साधारण ३४ सेंटिमीटर उंच, पोट गोल, मान बारीक, गडद निळ्यावर फिक्या हिरवट निळ्या फुलापानांची वेल, आणि बुडाला बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची खूण. पाहुणे तिला चिनी मातीची म्हणायचे, पण ती तशी नाही, साधी भाजलेली माती आणि वर ग्लेझ. हा फरक पुढे फार कामाला आला म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पाणी बंद केलं, प्लंबरला फोन केला, आणि नवरा म्हणाला, "अगं तिचा इन्शुरन्स आहे ना?" होता. घराच्या पॉलिसीला जोडून मौल्यवान वस्तूंची एक वेगळी यादी होती, तिच्यात तिसऱ्या नंबरला निळी, किंमत १,८०,००० रुपये. त्यासाठी २०२१ मध्ये एका व्हॅल्युअरकडून सर्टिफिकेट घेतलं होतं. मग काय, मी सकाळीच, अजून फरशी पुसायची होती तरी, मोबाईलवर पत्र टाइप केलं. ते पहिलं पत्र मी अजून जपून ठेवलंय, स्वतःला चिडवायला. त्यात असं होतं: "भिंतीतल्या गळतीमुळे आमची अत्यंत मौल्यवान पुरातन फुलदाणी पूर्णपणे नष्ट झाली असून सोबतच्या व्हॅल्युएशननुसार १,८०,००० रुपये त्वरित मिळावेत. फुलदाणीला यापूर्वी कधीही, कुठेही इजा अथवा दुरुस्ती झालेली नाही."

नशीब की पाठवायच्या आधी मामाला व्हॉट्सअ‍ॅप केलं. मामा एका जनरल इन्शुरन्स कंपनीत बत्तीस वर्षं होता, क्लेम खात्यात, आता रिटायर होऊन सांगलीला असतो. त्याचा पाच मिनिटांत फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "पाठवलंस का?" नाही म्हटलं. "देवाची कृपा. दोन वाक्यांत चार खड्डे खणलेस."

पहिला खड्डा, गळती. मामा म्हणाला, पॉलिसी उघड आणि काय लिहिलंय ते वाच मला. मी वाचलं, पाण्याच्या टाक्या, पाइप आणि उपकरणं फुटणं किंवा ओसंडणं यामुळे झालेलं नुकसान. "फुटणं लिहिलंय ना? मग तू गळती कुठून आणलीस? गळती म्हणजे महिनोन्महिने झिरपतंय, तुम्ही बघताय आणि काही करत नाहीये. ते झीज आणि देखभालीच्या खात्यात जातं, ते ते देत नाहीत. तुझ्याकडे गळती होती का?" नव्हती. भिंत कोरडी होती, डिसेंबरमध्येच रंग दिला होता. "मग तू स्वतःच्या हाताने का लिहितेस जे झालं नाही?" खरं सांगायचं तर मला तो शब्द जास्त सभ्य वाटला होता, फुटला म्हणजे जरा भडक. पण कंपनीला सभ्यपणाशी काही देणंघेणं नाही, तिथे नुकसान कशामुळे झालं त्याचं नाव महत्त्वाचं. फुलदाणी नुसती हातातून पडून फुटली असती तर माझ्या पॉलिसीत एक पैसा मिळाला नसता, कारण अपघाती तुटफुटीचं कव्हर मी घेतलंच नव्हतं. तीच फुलदाणी, तेच तुकडे, तीच किंमत, पण सगळं अडलंय ते पाइप फुटला की नाही यावर.

मामाने लगेच विचारलं, फुटलेला पाइप कुठंय. तो प्लंबरने काढून राडारोड्याच्या पोत्यात टाकला होता. आणि पोतं वॉचमनने खाली नेलं होतं. मी गाऊनवर शाल घेऊन खाली गेले आणि ओल्या प्लास्टरमध्ये हात घालून तो कोपरा शोधून काढला, बोटाएवढा प्लास्टिकचा एल्बो, लांबीत चिरलेला. सोसायटीतल्या दोन बायका बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल ते असो. तो एल्बो झिपलॉकच्या पिशवीत घातला, प्लंबरकडून त्याच्या बिलावरच दोन ओळी लिहून घेतल्या की गरम पाण्याच्या लाइनचा जॉइंट फुटला होता, तो बदलला. आणि भिंतीचे फोटो काढले. फोटो काढताना मामाने सांगितलेली गोष्ट बघा: जिथे जुनी ओल असते तिथे रंगाचे पोपडे येतात, पांढरं मीठ फुटतं, कडेला पिवळे डाग एकात एक असे दिसतात. आमच्या भिंतीला यातलं काही नव्हतं, फुटलेल्या जागेभोवती नुसता गडद ओला गोल. तो गोल दोन दिवसांत वाळून गेला असता, म्हणजे पुरावाच वाळून गेला असता.

दुसरा खड्डा तुकड्यांचा. मी तोवर नवऱ्याला फेव्हिक्विक आणायला पाठवलं होतं. मामा फोनवर ओरडलाच. एक तर कंपनीचा माणूस बघेपर्यंत वस्तू आहे त्या स्थितीत ठेवायची, जास्त नुकसान होऊ नये एवढंच करायचं, हे पॉलिसीतच असतं. आणि दुसरं म्हणजे हे असलं चिकटवणं नंतर नीट सुटत नाही, कडा खराब होतात, आणि रिस्टोरर, म्हणजे जुन्या वस्तू दुरुस्त करणारे लोक, त्यालाच सगळ्यात जास्त शिव्या देतात. ते लोक वापरतात पॅरालॉइड बी-७२ नावाचं एक राळेसारखं द्रव्य, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून, आणि त्याचं वैशिष्ट्य हेच की पुन्हा अ‍ॅसिटोन लावलं की जोड सुटतो. पन्नास वर्षांनी कुणाला वाटलं की हे चुकलंय, तर परत उघडता येतं.

आणि इथे ती चिनी माती नाही हे कामाला आलं. चिनी माती भट्टीत काचेसारखी घट्ट होते, फुटली तरी कडेतून पाणी आत जात नाही. ही माती सच्छिद्र. ग्लेझ आहे तोवर ठीक, पण फुटलेली कड उघडी पडली की ती पाणी पिते, आणि पाण्यातली घाण पण पिते. सिमेंटचं पाणी कडेतून आत गेलं तर डाग कायमचा बसतो. म्हणून सात मोठे तुकडे आणि एक मूठ बारीक कपच्या, सगळं जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर पसरून सावलीत वाळवलं, कडा एकमेकींवर घासू न देता एकेक तुकडा टिश्यूत गुंडाळला, नंबर घातले. कपच्यासुद्धा फेकल्या नाहीत. सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, म्हणाल्या, "अस्थी गोळा केल्यासारखं काय करताय." पण त्यांनीच सोफ्याखालून एक तुकडा काठीने ओढून दिला.

तिसरा खड्डा सगळ्यात मोठा, आणि मला वाटतं बहुतेकांचा इथेच गैरसमज असतो. व्हॅल्युएशन.

आमचा समज साधा होता. सर्टिफिकेटवर १,८०,००० लिहिलंय, पॉलिसीत १,८०,००० लिहिलंय, त्याला अ‍ॅग्रीड व्हॅल्यू म्हणतात म्हणजे दोघांनी मान्य केलेली किंमत, वस्तू फुटली, मग चेक १,८०,००० चा. मामा म्हणाला, "ती किंमत वस्तू होती तेव्हाची आहे. किती उरलं हे त्या कागदाला माहीत नाही." अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा फायदा एवढाच की वस्तू पूर्ण गेली, चोरीला गेली, चुरा झाली, तर त्या दिवशीची बाजारातली किंमत काय यावर कंपनी वाद घालत नाही. पण वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर? तेव्हा पॉलिसी दुरुस्तीचा खर्च म्हणते. मग मी पॉलिसीची पुढची पानं पहिल्यांदाच वाचली, आणि वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ते वाक्य सापडलं, दुरुस्तीनंतर वस्तूच्या बाजारभावात आलेली घट दिली जाणार नाही.

हे वाक्य फ्रिजसाठी बरोबर आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलला की फ्रिज परत फ्रिज होतो. पण दीडशे वर्षांच्या भांड्याचं तसं नाही ना. ते कितीही छान जोडलं तरी ते जोडलेलं भांडं असतं, आणि विकत घेणारा पहिलं तेच विचारतो.

तर ही निळी नेमकी कशामुळे एवढी किमतीची, ते थोडं सांगते. मुंबईत १८५७ मध्ये जे कलाविद्यालय सुरू झालं, आजचं जे. जे., तिथे जॉर्ज टेरी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८७० च्या दशकात तिथे भांड्यांचा कारखानाच काढला. सिंधमध्ये निळ्या-हिरव्या ग्लेझच्या टाइल्स आणि भांड्यांची जुनी परंपरा, तो हात त्यांनी मुंबईत आणला. त्याच काळात, १८७२ पासून, तिथलेच जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला चित्रांच्या नकला करत होते, त्यामुळे काही भांड्यांवर अजिंठ्याच्या आकृत्या येतात, आणि काहींवर सिंधी वळणाची फुलवेल. आमची दुसऱ्या जातीची. भायखळ्याला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात या प्रकारची भांडी काचेच्या कपाटात ठेवलेली आहेत, मी सर्टिफिकेट घ्यायच्या आधी मुद्दाम जाऊन बघून आले होते आणि काचेला नाक लावून उभी होते, गार्ड हसत होता.

व्हॅल्युअरने तेव्हा दोन तास घेतले होते. आता ते सर्टिफिकेट पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की आकडा हा त्यातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. बाकी काय होतं: उंची, पोटाचा घेर, बुडाच्या खुणेचा फोटो, चारही बाजूंचे फोटो, ग्लेझला वयामुळे बारीक जाळी पडलीय, बुडाच्या कडेला पाच मिलिमीटरची जुनी टवकी आहे. आणि एक ओळ, ही किंमत इन्शुरन्सकरता आहे. म्हणजे तशीच वस्तू दुकानातून परत घ्यायची तर किती पडेल ती, तुम्ही विकायला गेलात तर मिळेल ती नव्हे. या दोन आकड्यांत बराच फरक असतो. नवऱ्याने त्या वेळी नेटवर परदेशातल्या लिलावाचे आकडे शोधून काढले होते, ते व्हॅल्युअरने बाजूला ठेवले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू आपल्याला देशाबाहेर नेऊन विकता येत नाही, मग तिकडचा भाव आपल्याला काय उपयोगाचा. नवरा तेव्हा रुसला होता.

चौथा खड्डा सर्वात बारीक: कधीही, कुठेही दुरुस्ती झालेली नाही. मामाने विचारलं, "तुझं लग्न कधी झालं?" १९९४. "आणि भांडं कधीचं?" १८८० च्या आसपासचं. "मधल्या शंभर वर्षांची ग्वाही तू कशी देतेस?" मला हा वकिली किस वाटला, तरी बदललं.

तर शेवटी जे पत्र गेलं ते असं. इंग्लिशमध्ये गेलं, पण आधी मराठीत लिहिलं होतं, कारण विचार मराठीतच सुचतो. नावं, नंबर काढून देते:

"प्रति, क्लेम विभाग. विषय: पॉलिसीच्या मौल्यवान वस्तूंच्या यादीतील अनुक्रमांक ३, ग्लेझ केलेली मातीची फुलदाणी, हिच्या नुकसानीची सूचना आणि मूल्यांकनाची विनंती.

आज पहाटे सुमारे ५:४५ वाजता बाथरूम व हॉलमधील भिंतीच्या आतला गरम पाण्याचा पाइप अचानक फुटला. पाण्याच्या दाबाने प्लास्टरचा तुकडा निघून शोकेसवर आदळला, वरची काच फुटली व तिच्यावरील फुलदाणी फरशीवर पडून तुटली. आवाज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, पडताना मी पाहिलेलं नाही. पाणी लगेच बंद केलं. याआधी या भिंतीवर ओल दिसलेली नव्हती.

फुलदाणीचे सात मोठे तुकडे व काही कपच्या मिळाल्या असून त्या जोडण्याचा प्रयत्न न करता सुकवून, नंबर घालून ठेवल्या आहेत. फुटलेला पाइपचा भागही ठेवला आहे. २०२१ चं व्हॅल्युएशन सर्टिफिकेट सोबत आहे, त्यात नुकसानीपूर्वीची स्थिती फोटोंसह आहे. बुडाची टवकी जुनी असून ती या क्लेमचा भाग नाही. माझ्या माहितीप्रमाणे याखेरीज पूर्वीची दुरुस्ती नाही.

कृपया सर्व्हेअर पाठवावा. वस्तू सर्टिफिकेटमधील स्थितीला परत येऊ शकते का, येत असल्यास दुरुस्तीचा वाजवी खर्च किती, आणि येत नसल्यास पॉलिसीतील मान्य किमतीप्रमाणे पूर्ण नुकसान धरता येईल का, याचं लेखी मूल्यांकन मिळावं. रिस्टोररचं अंदाजपत्रक आठवडाभरात पाठवते. तोपर्यंत रक्कम नमूद करत नाही."

शेवटचं वाक्य नवऱ्याला अजिबात आवडलं नाही. पैसे मागायच्या पत्रात आकडाच नाही! मामाचं म्हणणं, आकडा आत्ता लिहिलास की तो तुझ्या गळ्यात. कमी लिहिलास तर वर जाता येत नाही, जास्त लिहिलास तर पुढची प्रत्येक ओळ संशयाने वाचतात. "पडताना मी पाहिलेलं नाही" हेही त्यानेच घालायला लावलं. मला वाटलं होतं याने केस कच्ची होईल, तर तो म्हणाला उलट, न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलेलंच पकडलं जातं.

दोन दिवसांनी सर्व्हेअर आले. पन्नाशीचे, पायात सँडल, खांद्याला कॉलेजातल्या पोरांसारखी सॅक. चहा नको म्हणाले, मग घेतला. आधी भिंत बघितली, हात लावून, फोटोशी ताडून. मग एल्बो भिंगाखाली धरला, चिरेच्या आत क्षार साचलेत का बघायला, नव्हते. ते आधीच झिरपत असतं तर चिरेत पांढरी पुटं दिसली असती म्हणे. मग डायनिंग टेबलावर तुकडे मांडले आणि त्यांच्या कडा बघायला लागले. मीही बघितलं तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं: ताजी फुटलेली कड बिस्किटाच्या आतल्या रंगाची असते, स्वच्छ, जरा खरखरीत. बुडाच्या टवकीची कड मात्र चहात बुडवल्यासारखी तपकिरी, वर्षानुवर्षांचा हात आणि धूळ तिच्यात मुरलेली. कुणी सांगितलं नसतं तरी कुठलं जुनं नि कुठलं नवं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मग त्यांनी पडदे ओढायला सांगितले आणि सॅकमधून जांभळा टॉर्च काढला, नोटा तपासायचा असतो तसा. एकेक तुकड्यावर फिरवत गेले. सगळं गडद, गडद, गडद, आणि तोंडाच्या तुकड्यावर एकदम एक दुधाळ निळसर पट्टा चमकला, बोटभर लांब. ते काही बोलले नाहीत. टॉर्च परत फिरवला. "ही ओठाची बाजू आधी जोडलेली आहे. वरून रंग दिलाय. चांगला दिलाय."

मी खरंच गार पडले. व्हॅल्युअरला दिसलं नव्हतं, मला माहीत नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या जपमाळ ओढत होत्या, थांबल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, "हो, ते धाकट्या भावजींच्या क्रिकेटच्या बॉलने उडालं होतं. फार जुनं आहे ते." एवढी वर्षं एक शब्द नाही! सर्व्हेअरनी पत्र काढून ती ओळ परत वाचली, माझ्या माहितीप्रमाणे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मामाने कापलेलं ते "कधीही, कुठेही" तसंच गेलं असतं तर त्या क्षणी मी खोटारडी ठरले असते, आणि खोटी माहिती दिली म्हटल्यावर कंपनीला आख्खा क्लेमच नाकारायचं निमित्त मिळतं, नुसता तो ओठ नव्हे.

पुढचा हिशोब सांगते, कारण पत्रातला प्रश्न तिथे सुटला. रिस्टोररचं अंदाजपत्रक आलं ४२,००० चं. कडा साफ करणं, जोडणं, कपच्या बसवणं, जिथे माती चुरा झालीय तिथे भराव, भरावावर रंग, नेणं-आणणं. त्यात जुना जोड सोडवून ओठ नव्याने बसवायचे ५,००० होते, ते सर्व्हेअरनी वजा केले कारण ते नुकसान या पाइपने केलेलं नाही. राहिले ३७,०००, त्यातून पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे आपणच सोसायचा वाटा, १,०००, म्हणजे ३६,०००. व्हॅल्युअरला मी वेगळं विचारलं की जोडल्यावर हिची किंमत काय धरशील, तो म्हणाला ७०,०००, आणि तो जुना जोड तेव्हा दिसला असता तर मी १,८०,००० लिहिलेच नसते. थोडा ओशाळला होता बिचारा, त्याच्याकडे तो टॉर्च नव्हता की त्याने फिरवला नव्हता ते मी विचारलं नाही.

म्हणजे कागदावर आमचे लाखाच्या वर गेले आणि मिळणार ३६,०००. नवरा भडकला, म्हणाला पूर्ण नुकसान धरा म्हणून भांडू, विमा लोकपालाकडे जाऊ. मी मामाला विचारलं. तो म्हणाला, जाता येईल, पण दोन गोष्टी ऐक. एक, रिस्टोररनेच लिहून दिलंय की भांडं जोडता येतं, म्हणजे पूर्ण नुकसान म्हणायला तुझाच कागद आड येतो. आणि घट देणार नाही हे वाक्य तुझ्या पॉलिसीत छापलेलं आहे, तू सही केलीयस. दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. पूर्ण नुकसान म्हणून पैसे दिले की उरलेली वस्तू, ते सॅल्व्हेज म्हणतात, कंपनीची होते. सात तुकडे आणि मूठभर कपच्या खोक्यात घालून द्यायच्या. किंवा त्यांची किंमत ठरवून ती तुमच्या पैशांतून कापून घ्यायची आणि वस्तू ठेवायची.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. नवरा भाताचा घास घेऊन थांबला. "म्हणजे निळी द्यायची?" मग कुणी लोकपालाचं नाव काढलं नाही. माझ्या मते कायद्याच्या बाजूनेही आम्ही हरलोच असतो, पण खरं कारण ते नव्हतं हे कबूल करते.

३६,००० महिन्याभरात आले, वरचे आम्ही घातले. एप्रिलमध्ये निळी परत आली. लांबून कळत नाही. जवळून, दुपारच्या उन्हात आडवं बघितलं तर पोटावर केसासारखी एक रेष वेलीच्या मधून जाते आणि पानाला दोन करते. रिस्टोरर म्हणाला ती मुद्दाम ठेवलीय, शोधणाऱ्याला दिसली पाहिजे. आता ती खालच्या फळीवर असते, बाहेरच्या भिंतीला, जिच्यात पाइप नाहीत. पाणी आणि अंगावर पडणाऱ्या भिंतीच्या तुकड्यांनंतर आमचा काचेच्या फळीवरचा विश्वास उडालाय.

पॉलिसीचं रिन्यूअल आलं तेव्हा एजंटला सांगितलं की अपघाती तुटफुटीचं कव्हर आणि दुरुस्तीनंतरच्या घटीचं कव्हर दोन्ही लेखी दाखव, नुसतं "मॅडम, सगळं कव्हर आहे" नको. घटीचं त्याच्या कंपनीत मिळालं नाही, दुसरीकडे कलावस्तूंची वेगळी पॉलिसी असते तिच्यात मिळालं, प्रीमियम जरा जास्त. तिथला फॉर्म चार पानांचा होता. नवी किंमत ७०,०००. खाली रकाना, पूर्वीची इजा व दुरुस्ती, माहीत असल्यास वर्षासह.

मी सगळं लिहिलं. बुडाची टवकी. सात तुकडे, यंदाचं वर्ष. ओठाचा जुना जोड, क्रिकेटचा बॉल, आणि वर्ष विचारायला सासूबाईंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. वर्ष सांगितलं, १९७४. मी लिहायला लागले तर म्हणाल्या, "ते बॉलचं नको लिहू गं."

"का?"

"भावजी तेव्हा होस्टेलला होते." आणि मेथीची जुडी उलटी करून त्यांनी दुसऱ्या बाजूने निवडायला घेतली. "फडकं मारत होते मी. मावशींना कळायच्या आत शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांकडून जोडून आणली."